लग्न नऊ आठवड्यांवर आणि पुढचा एक दात कॅपचा

"डॉक्टर, दोन महिन्यांनी माझं लग्न आहे. दात पहिल्यापासून पिवळट. पांढरं करणारी टूथपेस्ट तीन महिने वापरतेय, फरक नाही. बहीण म्हणते ऑनलाइन स्ट्रिप्स मागव, मैत्रीण म्हणते दवाखान्यात एका बैठकीत होतं. आई म्हणते दातांचं वरचं आवरणच निघून जाईल. पुढच्या एका दाताला फिलिंग पण आहे. काय करू?"

गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी आली होती. तिला इथे श्रुती म्हणते, खरं नाव वेगळं आहे. लग्नाला नऊ आठवडे होते. वरच्या पुढच्या दोन दातांपैकी उजवा दात कॉलेजात गाडीवरून पडून तुटला होता, त्याला सिरॅमिकची कॅप होती. कॅप इतकी बेमालूम जुळलेली की ती स्वतःसुद्धा तिच्याबद्दल विसरली होती.

तिच्या पर्समध्ये दोन वस्तू होत्या, कोळशाची टूथपेस्ट आणि स्ट्रिप्सचं अर्धं पाकीट. शिवाय आठवड्यातून दोनदा लिंबू-मीठ. मी लिंबाबद्दल आधी बोलले, कारण तुमच्या आईंची भीती खरी ठरते ती तिथे. लिंबाचं आम्ल इनॅमल विरघळवतं आणि मऊ झालेल्या थरावर मीठ घासलं की तो निघून जातो. इनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि दाताचा पिवळेपणा मुख्यतः त्याखालच्या डेंटिनचा. वरचा थर पातळ झाला की दात पांढरा होत नाही, उलट आतला पिवळा जास्त दिसतो. श्रुतीच्या सुळ्यांवर हिरडीलगत नख अडकेल अशा खाचा पडल्या होत्या. लिंबू, कोळसा आणि जोर लावून घासणं, तिन्हींचा हातभार.

टूथपेस्टचं काम वरवरचं. चहाचा, तंबाखूचा थर तिच्यातल्या बारीक कणांनी निघतो. काही पेस्टमध्ये निळसर रंग असतो, तो दातावर बसून पिवळेपणा थोडा वेळ झाकतो. तीन महिने घासून फरक नसेल तर रंग आतला आहे असं समजावं, पेस्ट बदलून उपयोग नाही. सोबत आलेल्या श्रुतीच्या आईने इथे हळूच विचारलं, "मिश्रीचे डाग जातात का हो?" त्यांना म्हटलं, डाग स्केलिंगने जातील, पण आधी मिश्री सोडा आणि मला तोंड तपासू द्या. तो विषय दात पांढरे करण्याचा नव्हताच.

आतला रंग कमी करतं ते पेरॉक्साइड. ते इनॅमलमधून आत झिरपतं आणि रंगाचे कण फोडतं, दात खरवडत नाही. स्ट्रिप्स, घरी जेल भरून दातांवर बसवायचा ट्रे आणि दवाखान्यातल्या खुर्चीतलं ब्लीचिंग या तिन्हींत औषध तेच, फरक तीव्रतेचा आणि ते हिरडीपासून कोण राखतं याचा. चांगल्या स्ट्रिप्स बहुधा रोज अर्धा तास, दोनेक आठवडे लावायच्या असतात आणि त्या खरंच काम करतात. पण पट्टी सरळ, दात वेडेवाकडे. मधल्या फटी आणि दाताची मान तशीच राहते, सुळ्यांच्या मागचे दात तर सुटतातच. श्रुतीच्या पाकिटावर पेरॉक्साइड किती टक्के ते कुठेच छापलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिची हिरडी पांढरी पडून चुरचुरली आणि तिने ते सोडून दिलं. अशी जळलेली हिरडी सहसा काही दिवसांत बरी होते. युरोपीय संघात 0.1 टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड असलेलं उत्पादन थेट ग्राहकाला विकता येत नाही. 6 टक्क्यांपर्यंतचं दंतवैद्यामार्फतच मिळतं, तेही 18 वर्षांवरच्यांनाच. आपल्याकडे ऑनलाइन काय येईल याचा भरवसा नाही, म्हणून ज्यावर टक्केवारी छापलेली नाही ते घेऊ नये.

खुर्चीतल्या ब्लीचिंगला साधारण 35 टक्के जेल असतं. हिरडीवर रबरासारखं आवरण चढवून पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या होतात. माणूस दीड तासाने आरशात बघतो आणि खूश होतो. पण दात कोरडे पडल्यामुळेही पांढरे दिसत असतात. काही दिवसांत ते पुन्हा ओलावा धरतात आणि रंग थोडा खाली येतो. म्हणून साखरपुड्याच्या आदल्या दिवशीचा फोटो आणि पंधरा दिवसांनंतरचा फोटो जुळत नाही. निळ्या दिव्याचा थाट मोठा, पण रंगाचं काम जेल करतं, दिवा नव्हे. ट्रे लावला की ज्यांना उमासे येतात किंवा ज्यांच्याकडे वेळच नाही, त्यांना मी हे करते, पण पहिल्या रात्री दात शिवशिवतील, कळाही येतील, हे आधीच सांगून.

श्रुतीची खरी अडचण ती कॅप होती. पेरॉक्साइडने सिरॅमिकचा रंग बदलत नाही, फिलिंगचाही नाही. शेड गाइडवर, म्हणजे दातांचा रंग जुळवायच्या पट्टीवर, तिचे दात ए-3 होते आणि कॅपही ए-3. कोणी एका बैठकीत दात उजळवून दिले असते तर अक्षतांच्या फोटोत मधोमध एकच दात पिवळा दिसला असता. म्हणून आम्ही लग्नाच्या तारखेपासून उलटं मोजलं.

पहिल्या दिवशी एक्स-रे, स्केलिंग आणि पॉलिशिंग. नुसत्या किटणाने खालचे दात किती काळवंडले होते ते तिला तेव्हा दिसलं. सुळ्यांच्या खाचा तात्पुरत्या भरल्या. पुढचे दोन आठवडे पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट, म्हणजे नंतर शिवशिवणं कमी. मग तिच्या दातांच्या मापाचा पातळ ट्रे आणि 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल. हे साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडइतकंच होतं, म्हणजे खुर्चीतल्या जेलचा दहावा हिस्सा. दाताला तांदळाच्या दाण्याएवढा थेंब, बाहेर आलेलं बोटाने पुसायचं आणि रात्रभर ठेवायचं.

पाचव्या रात्री तिचा मेसेज आला, "गार पाणी प्यायलं की विजेसारखी कळ जाते." मी एक रात्र सोडून एक रात्र लावायला सांगितलं. कळ लावणं थांबवल्यावर दिवस-दोन दिवसांत गेली, म्हणजे ती औषधाची होती. एकाच दातात ठणका राहिला असता तर कीड शोधावी लागली असती. अशाने चौदा रात्रींना तीन आठवडे लागले आणि दात ए-3 वरून ए-1 वर आले. टीव्हीवरच्या निवेदकासारखे नाहीत, आणि तसे मी कबूलही केले नव्हते. फ्लोरोसिसचे, म्हणजे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने डागाळलेले, किंवा टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकमुळे राखाडी झालेले दात इतकेही साथ देत नाहीत. त्यांना महिने लागतात, आणि फ्लोरोसिसचे पांढरे ठिपके सुरुवातीला जास्तच उठून दिसतात.

त्यानंतर दोन आठवडे काहीच केलं नाही. रंग स्थिरावू द्यायचा असतो, शिवाय दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे चिकटवायचं सिमेंट नीट धरत नाही. मग नवी कॅप ए-1 ची, लॅबला एक आठवडा. दोन, तीन, दोन आणि एक, असे आठ आठवडे झाले. नववा हाताशी ठेवला होता आणि तो लागला, कारण पहिली कॅप लॅबने जरा जास्तच पांढरी पाठवली. खिडकीपाशी उजेडात आईने ती चटकन ओळखली. जुनी कॅप श्रुतीने डबीत मागून घेतली.

तुमचं फिलिंग म्हणजे छोटी कॅपच समजा. ते आत्ता बदलून घेऊ नका, आधी दात उजळू द्या. लग्नाआधी निदान दहा दिवस फिलिंग झालेलं हवं, त्याआधी दोन आठवडे थांबणं आणि त्याआधी ट्रेच्या तीन आठवड्यांची सोय. म्हणजे तपासणीला याच आठवड्यात जा, आणि जाताना स्ट्रिप्स मागवल्या असतील तर पाकीट सोबत न्या.