डिपॉझिटमधून कापलेल्या रकमेचं पत्र

प्रश्न: भाडेकरूने फ्लॅट सोडला. ६०,००० डिपॉझिटमधून दुरुस्ती आणि थकबाकी कापायची आहे. पत्रात काय लिहू?

उत्तर: प्रत्येक कपातीसमोर तिचं बिल हवं. उदाहरणार्थ, कपाटाचं तुटलेलं दार, सुताराचं बिल ३,२०० रुपये. मुलांच्या खोलीतली खडूने रंगवलेली एक भिंत, रंगाऱ्याचं बिल २,५००. थकलेलं लाइटबिल १,८६०. एकूण ७,५६०, परत ५२,४४०. बिलांच्या प्रती आणि फोटो सोबत जोडा, रक्कम कधी आणि कशी पाठवली तेही लिहा.

घोळ होतो तो लाइटबिलात. बिलाचा महिना आणि चावी दिल्याची तारीख जुळत नाही, मग घर सोडल्यानंतरचे युनिटही भाडेकरूच्या माथी येतात. चावी घेतानाच मीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि तेवढेच युनिट धरा.

आणि कृपा करून अख्ख्या घराचा रंग त्यांच्याकडून वसूल करू नका. वापराने रंग फिका पडणारच, ते नुकसान नव्हे. करारात रंगाचं कलम असेल तर गोष्ट वेगळी, पण मग पत्रात त्या कलमाचा क्रमांक लिहा. दुरुस्तीचा नुसता अंदाज लावून पैसे कापलेत, तर वाद तिथेच पेटतो.