वहीत न लिहिलेली घट

"मॅडम, बाबा अर्धांगवायूने खाटेवर आहेत. दुकानाची वही मी पाहते. मिरचीत पैसे गळताहेत. सांगितलं तर बाबांच्या मनाला लागेल, नाही सांगितलं तर दुकान बसेल. काय करू?"

आजारी वडिलांचा व्यवहार हाती आलेली मुलं-मुली हेच विचारत येतात. ही नागपूरच्या महाल भागातल्या किराणा दुकानदाराची मुलगी. (ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.)

मी म्हटलं, "किती गळतंय ते आधी सांग." भीतीला आकडा मिळाला की तिच्याशी बोलता येतं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

तिने वही उघडली. मार्चात कळमन्याच्या घाऊक बाजारातून १०० किलो सुकी मिरची किलोला २०० रुपयांनी आणलेली, विक्री २२० ने. म्हणजे २,००० रुपये सुटायला हवेत. बोऱ्या संपल्या तेव्हा विक्री भरली ९२ किलोची, २०,२४० रुपये. हमाली-टेम्पोचे ३०० धरले तर उलट ६० रुपये तोटा.

"मग ८ किलो गेली कुठं?"

ती बराच वेळ गप्प होती. "दुकानातले काका बाबांचे जुने आहेत. आणखी कोण?"

गाठ इथे होती. बाबांपुढे काकांचं नाव घ्यावं लागेल, याची तिला धास्ती होती. अशा वेळी मी माणूस बाजूला काढते आणि प्रश्न एकटा समोर ठेवते. ही माझी जुनी सवय, आणि ती मला क्वचितच दगा देते. म्हटलं, "कुणाचा हात लागणार नाही अशा जागी थोडी मिरची ठेव आणि तोलत राहा."

तिने नव्या बोरीतली ५ किलो कापडी पिशवीत घालून घरच्या कपाटात ठेवली. नागपूरचा उन्हाळा! मे संपता संपता ती ४ किलो ७२० ग्रॅम भरली. मिरचीतला ओलावा १५ टक्क्यांवरून १० वर आला की १०० किलोची साधारण साडेचौऱ्याण्णव उरते. बाकीची तूट बोरीच्या तळाशी सापडली: बिया आणि चुरा, दोनेक किलो.

आता बाबांशी बोलणं सोपं होतं, कारण सांगायचं नव्हतं, विचारायचं होतं. "बाबा, उन्हाळ्यात मिरची किती घटते?"

बाबा अडखळत म्हणाले, "एप्रिल लागला का मी भाव चढवत होतो ना. लिहिलं नाही कधी."

बाबांच्या हातून काही गळतच नव्हतं. ते खाटेला लागले आणि मार्चचा भाव तसाच राहिला. मुलीला वहीतून भाव मिळाला होता, तो कधी बदलायचा हे बाबांच्या डोक्यातच होतं. आजारपणात हाती आलेल्या वहीत मी हल्ली आधी हेच शोधायला सांगते: वडील न लिहिता काय करायचे? एका बैठकीत एकच प्रश्न विचारा, ते थकले की थांबा.

तिने खरेदी आणि हमाली-टेम्पो मिळून झालेल्या २०,३०० ला ९२ ने भागलं, खरेदी पडली २२१ च्या आसपास. उन्हाळ्याचा भाव आता २४० आहे आणि वहीत घटीचा रकाना आलाय. घरची पिशवी ५ किलोच भरली असती, तर मात्र काकांशी बोलणं टळलं नसतं. तेही बाबांना विचारूनच.