तेवीस मेसेज आणि एक मेल

"मॅडम, काल क्लायंटला पाठवलेल्या रिपोर्टमध्ये आकडा चुकलाय हे आज लक्षात आलं. सकाळपासून ऑफिसच्या ग्रुपवर नुसती घाबरून टाइप करतेय. मेल लिहायला बसले की 'सॉरी'च्या पुढे काही सुचत नाही. काय लिहू?"

ग्रुपवरचे मेसेज पुसू नका. तुमचा मेल त्यातच विखुरलेला आहे.

असाच एक तरुण माझ्याकडे आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). सत्र दुसऱ्याच विषयावर ठरलं होतं, पण फोन हातातून सुटेना. सहकाऱ्यांच्या ग्रुपवर त्याने तासाभरात तेवीस मेसेज टाकले होते. 'संपलं माझं', 'त्यांनी वाचला असेल का', 'मेल परत घेता येतो का', 'तक्ता 3 पूर्ण चुकलाय'. उत्तरं येत होती: 'अरे, कोण एवढं बघतं', 'शांत हो'. अशा दिलाशाने पाच मिनिटं बरं वाटतं आणि मग माणूस पुन्हा विचारतो. मेल परत घेण्याचं म्हणाल, तर जीमेलमध्ये पाठवलेलं रद्द करायला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात. आउटलुकची सोय साधारणपणे एकाच संस्थेच्या आतल्या मेलपुरती. बाहेरच्या क्लायंटकडे पोचलेला मेल पोचला.

मी त्याला कागद दिला आणि तेवीसच्या तेवीस मेसेज उतरवायला लावले. लिहिण्याचा वेग टाइप करण्यापेक्षा कमी असतो, एवढाच त्यातला डाव. मग ज्या वाक्याचा पुरावा फाइल उघडून दाखवता येईल, त्याखालीच रेघ ओढायची. रेघा चार वाक्यांखाली आल्या: चूक तक्ता 3 मध्ये आहे. वाढ 25 टक्के लिहिली, ती 12 हवी. मागच्या वर्षीची फाइल अर्धवट होती. बाकीचे तक्ते पाहायचे राहिलेत.

"बाकी एकोणीस?" त्याने विचारलं. ती भीती होती. ती खोटी नव्हती, पण क्लायंटला पाठवण्यासारखीही नव्हती. तिच्याशी आमचं आम्ही बघणार होतो.

आधी त्याने चौथं वाक्य हाती घेतलं. या वर्षीच्या तिमाहीत 5,600 ऑर्डर होत्या. मागच्या वर्षीच्या त्याने 4,480 धरल्या, कारण ती फाइल तिमाही संपायच्या नऊ दिवस आधी उतरवलेली होती. राहिलेल्या 520 मिळवल्यावर बरोबर 5,000 झाल्या. मग '25' हा आकडा अख्ख्या रिपोर्टमध्ये शोधला. तो सारांशाच्या पहिल्याच वाक्यात आणि पान 5 वरच्या आलेखातही निघाला. इथेच बहुतेक जण घसरतात. घाईने तक्ता दुरुस्त करून पाठवतात, सारांश तसाच राहतो आणि दुसऱ्यांदा माफी मागावी लागते. तपासायला वेळ लागणार असेल तर आधी दोनच ओळी पाठवाव्यात: हा आकडा तूर्त वापरू नका, दुरुस्त प्रत अमुक वाजेपर्यंत देतो.

त्यानंतर साहेबांना फोन. हे त्याला मेलपेक्षा जड गेलं. पण क्लायंटकडून साहेबांना कळणं त्याहून वाईट, आणि चुकीत पैसे किंवा कराराच्या अटी गुंतल्या असतील तर काय लिहायचं हे एकट्याने ठरवूच नये.

त्याच्या पहिल्या मसुद्यात 'अक्षम्य' हा शब्द दोनदा होता आणि बरोबर आकडा नवव्या ओळीत. क्लायंटला आधी आकडा हवा असतो. माफीच माफी वाचली की उलट त्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. शेवटी गेला तो मेल असा:

"विषय: तिमाही रिपोर्ट, तक्ता 3 मधील दुरुस्ती

नमस्कार,
काल पाठवलेल्या रिपोर्टच्या तक्ता 3 मध्ये ऑर्डरची वाढ 25 टक्के दिली आहे. ती 12 टक्के आहे. मागील वर्षाच्या तिमाहीतील शेवटच्या नऊ दिवसांच्या 520 ऑर्डर मोजायच्या राहिल्या होत्या. सारांशातील पहिले वाक्य आणि पान 5 वरील आलेखही त्यानुसार बदलले आहेत. इतर तक्ते पुन्हा तपासले, त्यांत फरक नाही.
दुरुस्त प्रत सोबत आहे. कृपया कालच्या प्रतीऐवजी ती वापरावी. जुना आकडा पुढे कोणाला दिला असल्यास कळवावे, त्यांच्यासाठी छोटे टिपण करून देतो.
चुकीबद्दल दिलगीर आहे."

'दिलगीर' एकदाच, तेही शेवटी. यावर त्याने बरीच घासाघीस केली. "कोरडं वाटतंय," म्हणाला. मी मेल मोठ्याने वाचायला सांगितला. वाचून झाल्यावर त्याने स्वतःच पाठवलं.

वीस मिनिटांनी उत्तर आलं: "ओके, नोटेड."

"चिडलेत का?" त्याचा अंगठा पुन्हा ग्रुपकडे निघाला होता. मी पेन्सिल पुढे केली.