छोटी चेकलिस्ट आणि सुटणारी पायरी: विमानात हे कसं सांभाळतात?

प्रश्न: आमच्या कारखान्यात सकाळी बॉयलर पेटवण्याआधी ३८ मुद्द्यांची चेकलिस्ट भरतात. सगळीकडे टिक असते, तरी एखादी पायरी राहतेच. परवा फीड टाकीचा व्हॉल्व्ह बंद होता आणि कागदावर मात्र 'ओके'. पायलट एवढ्याशा चेकलिस्टवर काम कसं भागवतात? त्यांच्या पायऱ्या सुटत नाहीत का?

उत्तर:

सुटतात. आमच्या चेकलिस्टचे बरेचसे नियम सुटलेल्या पायऱ्यांमुळेच आले आहेत. मी एअरबस ए३२० उडवते. सगळं सांगत बसण्यापेक्षा एकच पायरी घेते, टेकऑफआधी फ्लॅप लावण्याची. तुमच्या व्हॉल्व्हसारखीच ती आहे: एक दांडा, दोन सेकंदांचं काम, आणि राहिलं तर सगळं संपलं.

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे पट्टे. ते खाली काढले की कमी वेगातही पंखाला पुरेशी उचल मिळते. पुढच्या कडेला स्लॅट असतात, त्यांचंही काम तेच. दोन्ही आत राहिले तर विमान ठरलेल्या वेगाला जमीन सोडतं, पण वर चढत नाही.

२० ऑगस्ट २००८ ला माद्रिदहून स्पॅनएअरचं एमडी-८२ निघालं होतं. एकदा धावपट्टीपर्यंत जाऊन ते परत आलं, कारण बाहेरच्या हवेचं तापमान मोजणारा एक सेन्सर नको तेव्हा तापत होता. मेकॅनिकने त्याच्या हीटरचा वीजपुरवठा तोडला आणि विमान पुन्हा निघालं. आधीच उशीर झालेला. इंजिनं सुरू झाल्यावरची चेकलिस्ट चालू असताना कॅप्टनने सहवैमानिकाला मध्येच सांगितलं, टॅक्सीची, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे जाण्याची, परवानगी माग. त्या चेकलिस्टचा शेवटचा मुद्दा फ्लॅप आणि स्लॅटचा होता. तो राहिला. फ्लॅप लावलेच नव्हते. पुढे धावपट्टीच्या तोंडाशी शेवटच्या तपासणीत सहवैमानिकाने फ्लॅपचा आकडा म्हटला, '११'. तो असायला हवा होता तो आकडा होता. ब्लॅक बॉक्समध्ये फ्लॅप शून्यावर आहेत. चुकीच्या स्थितीत टेकऑफ करू लागलं तर भोंगा वाजायला हवा, तोही वाजला नाही. विमानात १७२ जण होते, त्यातले १५४ गेले.

दोघेही प्रशिक्षित होते आणि चेकलिस्ट हातात होती. म्हणून 'नीट लक्ष द्या' असं सांगून काही होत नाही. चेकलिस्ट कुठे फाटली ते पाहायला लागतं, आणि इथे ती तीन ठिकाणी फाटलेली दिसते: मुद्दा शेवटी होता, मध्येच व्यत्यय आला, आणि उत्तर डोळ्यांऐवजी तोंडातून आलं.

आधी हे सांगते की आमची चेकलिस्ट छोटी का असते, कारण तुमच्या ३८ मुद्द्यांचा घोळ मला तिथेच दिसतो. आम्ही चेकलिस्ट वाचत वाचत काम करत नाही. काम आधी पाठ असलेल्या क्रमाने करतो. हात डोक्यावरच्या पॅनलपासून सुरू होतो, समोरच्या पॅनलवर येतो, मग दोघांच्या मधल्या भागात उतरतो. याला आम्ही 'फ्लो' म्हणतो. त्या फेरीत पंधरा-वीस बटणं होऊन जातात. त्यानंतर चेकलिस्ट निघते आणि तिच्यात फक्त ते मुद्दे असतात जे राहिले तर विमान पडेल किंवा मोठं नुकसान होईल. म्हणजे ती दुसरी नजर आहे. कामाची यादी वेगळी, ती प्रशिक्षणात आणि मॅन्युअलमध्ये. तुमच्या कागदावर 'व्हॉल्व्ह उघडा', 'फरशी स्वच्छ आहे' आणि 'अग्निशामकाची तारीख पाहा' हे एकाखाली एक असेल, तर माणूस सगळ्याला सारखंच वजन देतो, म्हणजे कशालाच देत नाही. (बिघाड झाल्यावरच्या चेकलिस्ट मात्र आम्ही एकेक ओळ वाचूनच करतो. ते काम रोजचं नसतं, हाताला वळण नसतं.)

आता उत्तराबद्दल. एक जण मुद्दा वाचतो, दुसरा उत्तर देतो. चॅलेंज आणि रिस्पॉन्स. बहुतेक लोक यातलं अर्धंच उचलतात, म्हणजे दोन माणसं घेतात आणि दुसरा 'ओके, ओके' म्हणत जातो. ए३२० च्या टेकऑफआधीच्या जुन्या छापील चेकलिस्टमध्ये फ्लॅपसमोर उत्तराची जागा रिकामी आहे, तिथे प्रत्यक्ष स्थिती बोलायची आणि पुढे 'दोघांनी' असं लिहिलेलं. मी 'फ्लॅप सेटिंग' असं वाचलं की समोरच्याने दांड्याकडे नव्हे, तर पडद्यावरच्या निर्देशकाकडे पाहून आकडा सांगायचा. मग मीही पाहून तोच सांगायचा. दांडा सांगतो तुम्ही काय मागितलंत, निर्देशक सांगतो काय मिळालं. तुमच्या व्हॉल्व्हच्या बाबतीत हा फरक फार कामाचा आहे. 'उघडला का?' असं विचारलं तर 'हो' येणारच. 'पंपाच्या सक्शनला प्रेशर किती?' असं विचारलं तर गेज बघितल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

एवढं करूनही तोंड फसवू शकतं, हे मान्य करायला हवं. ३१ ऑगस्ट १९८८ ला डॅलस-फोर्ट वर्थला डेल्टाचं बोइंग ७२७ असंच फ्लॅपविना निघालं आणि १४ जण मेले. तिथेही फ्लॅपचा मुद्दा वाचला गेला होता आणि उत्तरही अगदी नेमकं आलं होतं: 'पंधरा, पंधरा, हिरवा दिवा'. रोज हजारदा तेच उत्तर दिलं की जीभ स्वतःच बोलते. म्हणून आम्हाला शिकवतात की आधी बोट निर्देशकावर ठेवायचं, मग बोलायचं. बोट गेलं की डोळे मागून जातात. आणि वाचणाऱ्याने उत्तर ऐकून थांबायचं नाही, स्वतःही पाहायचं. उत्तर प्रश्नाच्या शेपटीला चिकटून आलं तर मी तोच मुद्दा पुन्हा वाचते. समोरच्याला राग येतो, येऊ दे.

क्रमाबद्दल नासासाठी असफ देगानी आणि अर्ल वीनर यांनी १९९० मध्ये विमानातल्या चेकलिस्टवर अहवाल लिहिला, तो या विषयातला पाया आहे. त्यांचा एक सल्ला माद्रिदच्या अठरा वर्षं आधीचा: सगळ्यात जीवघेणा मुद्दा जमेल तितका वर ठेवा. कारण साधं आहे. चेकलिस्ट सुरू करताना दोघांना वेळ असतो, म्हणूनच ती सुरू केलेली असते. जसजसे मुद्दे पुढे जातात तसतशी कुणीतरी हाक मारण्याची, रेडिओ वाजण्याची शक्यता वाढते. तुटली तर शेपूट तुटते. दुसरा सल्ला, मुद्द्यांचा क्रम हाताच्या फेरीसारखा ठेवा, म्हणजे नजर इकडून तिकडे उड्या मारणार नाही. या दोन सल्ल्यांची कधी कधी टक्कर होते. तेव्हा मी जीवघेण्या मुद्द्याच्या बाजूने जाईन, चार पावलं जास्त चालावं लागलं तरी.

व्यत्यय टाळता येत नाही, त्याची सोय करता येते. आमच्या टेकऑफआधीच्या चेकलिस्टच्या मध्ये एक आडवी रेघ असते. रेघेवरचे मुद्दे आधी पूर्ण होतात, मग आम्ही मुद्दाम थांबतो, आणि धावपट्टीवर जायची परवानगी आली की रेघेखालचे. थांबण्याची जागा कागदावरच छापलेली असल्यामुळे 'कुठे होतो आपण?' हा प्रश्न येत नाही. रेघ सोडून दुसरीकडे तुटलं आणि नक्की आठवत नसेल, तर पहिल्या मुद्द्यापासून पुन्हा. चेकलिस्ट छोटी ठेवण्याचं आणखी एक कारण हे: सहा मुद्दे माणूस पुन्हा वाचतो, ३८ वाचत नाही. आणि शेवटी वाचणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, 'टेकऑफआधीची चेकलिस्ट पूर्ण'. हे वाक्य ऐकू आलं नाही तर ती अपुरी आहे असं दुसऱ्याने समजायचं.

चेकलिस्ट मागायचीच राहिली तर? १६ ऑगस्ट १९८७ ला डेट्रॉइटला नॉर्थवेस्टच्या एमडी-८२ मध्ये टॅक्सीची चेकलिस्ट झालीच नाही. धावपट्टी बदलली, आकडे पुन्हा काढावे लागले, सहवैमानिक रेडिओवर गुंतला, आणि फ्लॅपचं काम व चेकलिस्ट दोन्ही त्या गडबडीत गेले. विमानातले १५४ आणि जमिनीवरचे दोन जण मेले. म्हणून चेकलिस्ट अशा घटनेला बांधावी जी झाल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही. तुमच्याकडे ती घटना म्हणजे बर्नरचा स्विच. कागद स्विचच्या शेजारी टांगा, ऑफिसच्या फायलीत नको.

बॉयलर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो, तरी मी मांडायला बसले तर असं काहीसं करीन. हेल्पर वाचेल, अटेंडंट गेजवर बोट ठेवून उत्तर देईल:

'गेज ग्लास?' 'ब्लो केला, पाणी परत आलं, अर्ध्यावर.'
'फीड टाकी?' 'पाऊण भरलेली.'
'पंपाचं सक्शन?' 'व्हॉल्व्ह उघडा, प्रेशर' आणि जो असेल तो आकडा.
'लो-वॉटर ट्रिप?' 'चाचणी घेतली, अलार्म वाजला.'

इथे रेघ. मग बर्नर लावायच्या क्षणी:

'व्हेंट?' 'उघडा.'
'मेन स्टीम?' 'बंद.'
'चेकलिस्ट पूर्ण.'

पहिल्या उत्तरात 'पाणी अर्ध्यावर' एवढं पुरत नाही, कारण ग्लासचे कॉक बंद किंवा तुंबलेले असले तरी आतलं जुनं पाणी अर्ध्यावरच दिसतं. ब्लो करून पाणी परत येताना पाहिलं तरच ते उत्तर खरं. तुमचे मुद्दे वेगळे असतील, पण प्रत्येकाला एकदा विचारा: हे न बघता उत्तर देता येईल का? येत असेल तर मुद्द्याचे शब्द बदला.

उरलेले तीसेक मुद्दे फेकू नका. ते देखभालीच्या नोंदवहीत घाला, कायद्याने ज्या नोंदी लागतात त्याही तिथेच. त्यांची वेळ बर्नर पेटवण्याची नाही.

चालतंय की नाही हे टिका मोजून कळणार नाही. चार दिवस दुरून नुसतं ऐका. आकडे रोज थोडे वेगळे येत असतील तर माणूस गेज बघतोय. रोज तोच आकडा, त्याच लयीत, हेल्परचं वाक्य संपण्याआधी येत असेल, तर मुद्द्याचे शब्द पुन्हा बदला किंवा दोघांच्या भूमिका अदलाबदल करा. आम्हीही कोण वाचणार आणि कोण उडवणार हे फेरीगणिक बदलतो.