शिफ्ट सुटते ११ला, शेवटची गाडी ११:२०ला

प्रश्न: मोठ्या शहरात दोन ऑफर आल्या आहेत. एकीत पगार जास्त, शिफ्ट दुपारी २ ते रात्री ११, ऑफिस लांब, पण सामान हलवायचा खर्च कंपनी देणार. दुसरीत पगार थोडा कमी, ९ ते ६, ऑफिसच्या जवळ घर मिळेल, पण शिफ्टिंग स्वतःच्या खर्चाने. तुलना कशी करू?

उत्तर: पगाराआधी रात्री घरी कसे पोचणार ते बघा. मी हे न बघता एक दुपारची शिफ्ट घेतली होती. शेवटची गाडी ११:२०ला आणि ऑफिसपासून स्टेशन १२ मिनिटं चालत, त्यामुळे कागदावर सगळं जमत होतं. पण ११ला शिफ्ट संपते म्हणजे ११ला माणूस सुटतो असं नाही. पुढच्या शिफ्टवाल्याला काम समजावून द्यायचं, तो पाच मिनिटं उशिरा आला की आपली गाडी गेली. आठवड्यातून एखाददोन रात्री टॅक्सी व्हायची आणि महिन्याच्या पासाइतकेच पैसे त्यात जायचे.

शिवाय येण्याजाण्याचा वेळ मी रविवारी जाऊन मोजला होता, हा आणखी एक शहाणपणा! मॅपवर बघणार असाल तर कामाचा वार आणि नेमकी पोचण्याची वेळ टाकून बघा. परतीचं वेगळं बघा, कारण रात्री रस्ता मोकळा असला तरी गाड्या कमी असतात आणि वाट बघण्यात वेळ जातो. कंपनीची कॅब असेल तर ती आधी कुणाकुणाला सोडत येते हे त्याच शिफ्टमधल्या माणसाला विचारा. शेवटी उतरणाऱ्याचा रस्ता दुप्पटही होतो.

आता हिशोब. पहिल्या नोकरीत हातात येणारा पगार १०० धरू, बाकी सगळं त्याच मापात. जाताना ७० मिनिटं आणि येताना ८० धरली, तर घराचं कुलूप लावल्यापासून उघडेपर्यंत साडेअकरा तास होतात, २२ दिवसांचे २५३. भाडं २५ आणि प्रवास १० (अधूनमधून होणारी टॅक्सी धरून) गेला की उरले ६५.

दुसऱ्या नोकरीत पगार ९२. ऑफिसजवळ म्हणून भाडं जास्त, २९, प्रवास ३. उरले ६०. जायला ४० आणि यायला ४० मिनिटं, म्हणजे महिन्याचे साधारण २२७ तास.

राहिला शहर बदलायचा खर्च. यात फक्त ट्रक येत नाही. घर मिळेपर्यंतचं राहणं, दलाली, जुन्या आणि नव्या घराचं एकाच वेळी भरलेलं भाडं, असं सगळं मिळून ३६ धरू. डिपॉझिट यात घेऊ नका, ते परत मिळतं. मात्र तेवढी रोकड अडकून पडते, तेव्हा पहिल्या महिन्याला हातात काय राहील ते वेगळं बघा. हा ३६चा खर्च तुम्ही तिथे जितके महिने टिकाल तितक्यांवर वाटायचा. १८ महिने टिकलात तर दुसऱ्या नोकरीत महिन्याला २ कमी, म्हणजे ५८. पहिलीत कंपनी देते म्हणून ६५ कायम.

तासाला भागून बघा: ६५ भागिले २५३ आणि ५८ भागिले २२७, दोन्हीकडे ०.२६च्या आसपास. जवळपास नऊ टक्के जास्त पगार आणि फुकट शिफ्टिंग मिळूनही पहिली नोकरी बरोबरीतच राहिली.

इथे ऑफर लेटरमधलं एक वाक्य शोधा. अमुक मुदतीच्या आत सोडलं तर शिफ्टिंगचे पैसे परत, अशी अट बऱ्याचदा असते. मुदत वर्षाची आहे आणि तुम्ही आठव्या महिन्यात निघालात असं धरा. ३६ परत गेले, म्हणजे महिन्याला साडेचार. दुसऱ्या नोकरीतही आठ महिन्यांत निघालात तर तेवढाच बोजा पडतो. पण आता पहिली तासाला ०.२४च्याही किंचित खाली येते, दुसरी किंचित वर राहते. शिवाय दुसरीत तो खर्च सुरुवातीलाच होऊन गेलेला असतो. पहिलीत तो नेमका नोकरी सोडताना एकरकमी द्यावा लागतो. ज्याला संध्याकाळी घरी असायची सवय आहे तो दुपारच्या शिफ्टला आठ महिन्यांत कंटाळणं अगदी शक्य आहे, म्हणून हा आकडा मी मुद्दाम घेतला.

तुमचे आकडे घालून बघा. टॅक्सीचा खर्च गेला, म्हणजे घरापर्यंत सोडणारी कॅब लेखी मिळाली आणि तुमचा थांबा पहिल्या दोनात असला, तर पहिली घ्यायला माझी हरकत नाही. तसं नसेल तर मी दुसरी घेईन.

आणि एचआरला मेलवर एवढं विचारा की २ ते ११ हीच शिफ्ट कायम आहे की फिरती. फिरती असेल तर घराचा करार लगेच करू नका. पहिला महिना खोली घेऊन काढा, एकदा सकाळची आणि एकदा रात्रीची फेरी होऊ द्या, मग कुठल्या स्टेशनाजवळ राहायचं ते ठरवा.