सत्तर अक्षरांत पाणी बंद

*"पाणी बंद असल्याची चार ओळींची सूचना एका मराठी एसएमएसमध्ये बसवायची आहे. मर्यादा ७० अक्षरांची. मी मोजते तेव्हा बसते, पण पाठवताना दोन एसएमएस पडतात. असं का? आणि गाळायचं काय?"*

तुम्ही उच्चारातली अक्षरं मोजताय. यंत्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, रिकामी जागा, सगळं वेगळं मोजतं. त्याच्या लेखी 'प्रभाग' सहाचा: प, हलन्त, र, भ, काना, ग. मजकूर ७१ झाला की त्याचे दोन तुकडे होतात आणि जोडणीची माहिती धरून प्रत्येकात ६७च उरतात. जुन्या कळफलकावर 'दुसर्‍या' टंकलं तर त्यात न दिसणारं एक जोडचिन्हही शिरतं, तेही मोजलं जातं.

आता गाळणं. समजा मूळ सूचना अशी आहे:

"मुख्य जलवाहिनीच्या तातडीच्या दुरुस्तीमुळे गुरुवार दि. १२ रोजी सकाळी ९ ते सायंकाळी ६ या वेळेत प्रभाग ७ मधील पाणीपुरवठा बंद राहणार असून शुक्रवारी सकाळी कमी दाबाने होईल. नागरिकांनी सहकार्य करावे."

'नागरिकांनी सहकार्य करावे' एवढ्यालाच २४ जागा, आणि त्यातून कुणाला काही कळत नाही. कारणही जाऊ द्या. बादल्या भरणाऱ्याला जलवाहिनी मुख्य की उपमुख्य याच्याशी कर्तव्य नसतं. 'पाणीपुरवठा' दहाचा, 'पाणी' चारचं. पहिला मसुदा:

"प्रभाग ७: गुरु. १२, सकाळी ९ ते ६ पाणी बंद. शुक्रवारी सकाळी कमी दाब."

हा ६७ भरतो, पण ते ६ संध्याकाळचे की दुसऱ्या पहाटेचे? 'सा.' लिहिलं तर जागा वाचते खरी, पण घाईत 'सा.' आणि 'स.' यांतला काना कोण बघतो? त्यापेक्षा 'संध्या.' घाला आणि शुक्रवारची 'सकाळी' काढा. शुक्रवारी कुणी थोडं जास्त पाणी भरून ठेवलं तर बिघडत नाही, गुरुवारची वेळ चुकली तर मात्र घरं कोरडी राहतात.

"प्रभाग ७: गुरु. १२, सकाळी ९ ते संध्या. ६ पाणी बंद. शुक्रवारी कमी दाब."

हे ६९.

जाता जाता, बँकेच्या मजकुरातली एक गंमत. इंग्रजी एसएमएसला १६० जागा मिळतात, पण त्यात एक ₹ घातला की सगळा मजकूर युनिकोडमध्ये जातो आणि ७० वर येतो. मराठी मुळातच युनिकोड, म्हणून इथे हिशेब उलटा: 'रु.' तीन जागा खातं, ₹ एकच.

हाच साचा दर वेळी वापरणार असाल तर सर्वांत लांब भरणीने मोजून घ्या. वारांत गुरुवार-शुक्रवारची जोडीच सगळ्यांत लांब, ती इथे बसलीच आहे. पण 'प्रभाग १७' आणि 'सकाळी १०' एकत्र आले की ७१ होतात. तेवढ्यासाठी शेवटचा पूर्णविराम आधीच काढून ठेवा.