स्क्रीनिंगआधीची दोन मिनिटं आणि नंतरचा पहिला प्रश्न

प्रिय दोस्त,

तुझा मेसेज वाचला. फेस्टिव्हलमध्ये दिग्दर्शकाची ओळख करून द्यायचीय आणि फिल्मनंतरची चर्चाही तुलाच घ्यायचीय, आणि तू विचारलंयस की ओळखीत काय काय सांगू. माझं म्हणणं असं की ओळख आधी लिहायलाच बसू नकोस. आधी फिल्म बघ, आयोजकांकडून स्क्रीनरची लिंक मागून घे आणि शेवटपर्यंत बघ, आणि मग चर्चेतला पहिला प्रश्न लिही. तो सापडला की ओळखीत काय बोलायचं आणि काय गिळायचं ते आपोआप ठरतं, कारण ओळखीत तू जे सांगशील त्याच चष्म्यातून लोक फिल्म बघणार आणि नंतर त्याच्यावरच बोलणार.

एक उदाहरण घेऊन सांगतो. समज फिल्म चौऱ्याण्णव मिनिटांची आहे, एक मुलगी जुनं घर रिकामं करायला येते, वडील तिथेच राहतात, दोघांत फारसं बोलणं नाही. मधे एक सहा मिनिटांचा सलग शॉट आहे, मुलगी खोलीत सामान भरतेय आणि वडील फ्रेमच्या बाहेर आहेत, त्यांची फक्त चाहूल ऐकू येते. दिग्दर्शिकेची पहिलीच फिल्म, त्याआधी ती बरीच वर्षं दुसऱ्यांच्या फिल्मसाठी साउंड रेकॉर्डिंग करायची.

आता कॅटलॉगमध्ये काय छापलेलं असतं? शिक्षण, शॉर्टफिल्म्स, कुठे कुठे निवड झाली, आणि खाली "नात्यांमधल्या अबोल्याचा हळुवार शोध" टाइप एक ओळ. बहुतेक जण हेच वाचून दाखवतात. पण कॅटलॉग लोकांच्या हातात असतोच, आणि ती शेवटची ओळ तर मोठ्याने वाचूच नकोस, कारण अबोला प्रेक्षकाला स्वतःला जाणवायचा असतो, तू आधीच नाव देऊन टाकलंस की तो शोधायचं थांबतो. "अप्रतिम", "हेलावून टाकणारी" हेही नको, तू आधीच कौतुक केलंस की ज्याला फिल्म आवडली नाही तो नंतर हात वर करत नाही, आणि चर्चेत खरं तर तोही हवा असतो.

त्याऐवजी एवढंच पुरे: "आजच्या फिल्मच्या दिग्दर्शिकेने बरीच वर्षं दुसऱ्यांच्या फिल्मचा आवाज रेकॉर्ड केलाय, ही तिची स्वतःची पहिली फिल्म. फिल्म चौऱ्याण्णव मिनिटांची आहे, क्रेडिट्स संपल्यावर ती पुन्हा समोर येईल आणि आपण पंधरा मिनिटं बोलू, तेव्हा बसून राहा." मग तिचं नाव, टाळ्या, आणि माईक तिच्या हातात. नाव अगदी शेवटी घ्यायचं, म्हणजे टाळ्या आपोआप तिथेच पडतात. आवाजाचा उल्लेख केलास तर लोक नकळत कान देऊन ऐकतात, आणि कथेतलं मात्र तू काहीच फोडलेलं नसतं. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही.

हे सगळं तिच्याशी आधी बोलून ठरव, स्क्रीनिंगच्या आधी दहा मिनिटं भेटलात तरी चालेल. नावाचा उच्चार तिच्याच तोंडून ऐक आणि तिच्यासमोर म्हणून दाखव. फिल्मआधी बोलायचंय का विचार, काही जणांना अजिबात नको असतं, नुसता नमस्कार करून बसायचं असतं, आणि त्यांना तसं करू द्यावं. टीममधलं आणखी कोण आलंय आणि कोणाला समोर बोलवायचं त्याची नावं लिहून घे. आणि कुठला विषय नकोय हेही स्पष्ट विचार, कारण कधी फिल्मच्या मागे खऱ्या माणसांची गोष्ट असते आणि त्यांचा उल्लेख तिला टाळायचा असतो. वर्ल्ड प्रीमियर की फक्त या शहरातला पहिला शो, हे आयोजकांकडून पक्कं करून घे, चुकीचं बोललास तर पुढच्या फेस्टिव्हलमध्ये तिला उगाच खुलासे देत बसावे लागतात.

वेळेचा हिशोब कागदावर मांड. शो सहाला आणि त्याच हॉलमधला पुढचा शो सव्वा आठला असेल तर सहा-पाचला सुरुवात, तुझी आणि तिची मिळून तीन मिनिटं, म्हणजे फिल्म संपणार सात-बेचाळीसला. लोकांची ये-जा, खुर्च्या, माईक यात तीन मिनिटं जातात. हॉल आठला रिकामा हवा, तर तुझ्या हातात पंधरा मिनिटंच उरतात, म्हणजे साधारण पाच-सहा प्रश्न. दुभाषी असेल तर निम्मे धर, कारण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. प्रोजेक्शनवाल्याला भेटून सांग की क्रेडिट्स पूर्ण चालू देत आणि दिवे एकदम लख्ख नको, हळूहळू वाढव. फिल्म चालू असताना तू हॉलमध्येच बस, आधी बघितलेली असली तरी. लोक कुठे हसले, कुठे चुळबुळले हे तिथेच कळतं आणि नंतर फार उपयोगी पडतं.

आता तो पहिला प्रश्न. "कल्पना कशी सुचली?" हे विचारू नकोस, त्याचं उत्तर तिने प्रत्येक मुलाखतीत दिलेलं असतं आणि ती तेच पाठ म्हणून दाखवते. आपल्या फिल्मसाठी मी असं विचारीन: "सामान भरण्याच्या त्या लांब शॉटमध्ये वडील दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. हे शूटिंगच्या आधी ठरलं होतं की सेटवर घडलं?" यात एकच शॉट आहे जो सगळ्यांनी आत्ताच बघितलाय, आणि उत्तर द्यायला सोपं आहे, आधी की सेटवर. ती एक बाजू सांगेल आणि मग का ते आपणहून सांगायला लागेल. हॉलमधल्या लोकांनाही कळतं की इथे फिल्ममधल्या गोष्टीवर बोलायचंय, बजेटवर नाही.

स्वतःचे प्रश्न एक, फार तर दोन, मग हॉलकडे वळ. पहिला हात लगेच वर येत नाही, अशा वेळी घाबरून स्वतःच बोलत सुटू नकोस, मनात दहापर्यंत मोज, कोणीतरी हात वर करतंच. मागच्या रांगांकडे आणि कडेला मुद्दाम बघ, नाहीतर पुढच्या दोन रांगाच बोलत राहतात. माईक स्वयंसेवकाच्या हातातच राहू दे, प्रेक्षकाला धरायला दिला की परत मिळायला वेळ लागतो. कोणी प्रश्नाऐवजी भाषण करायला लागलं तर तो श्वास घेईल तिथे त्याच्या बोलण्यातला एक मुद्दा पकड आणि तूच त्याचा प्रश्न कर: "म्हणजे तुम्हाला शेवट अपुरा वाटला, तर विचारू या, शेवट असाच का ठेवला?" त्या माणसाचा मान राहतो आणि तिला उत्तर द्यायला काहीतरी मिळतं. कोणी फिल्म आवडली नाही म्हटलं तर तू मधे पडून बचाव करू नकोस, तिला उत्तर देऊ दे. बोलणं फिल्मवरून तिच्यावर घसरलं तरच थांबव, आणि तिथे मात्र जराही संकोच करू नकोस.

पाच मिनिटं उरली की सांगून टाक की आता शेवटचे दोन प्रश्न. ते दोन्ही एकदम घे आणि तिला एकत्र उत्तर द्यायला सांग, वेळ वाचतो आणि दुसरा माणूसही नाराज होत नाही. मग तिचं नाव पुन्हा एकदा नीट उच्चारून आभार मान, आणि ती बाहेर थांबणार असेल तर तेही सांग, म्हणजे ज्यांना हॉलमध्ये बोलता आलं नाही ते तिथे जाऊन भेटतील.

फिल्म बघून झाली की पहिला प्रश्न लिहून मला पाठव, ओळख नंतर.